ट्रायल क्लासच्या आधी ट्यूटरला काय पाठवलं आणि त्या अर्ध्या तासात काय झालं

मला एका मास्टर्स कोर्ससाठी गणिताची प्रवेश परीक्षा द्यायची होती, हातात नऊ आठवडे होते आणि कॉलेज सुटून बरीच वर्षं झालेली. त्यामुळे ऑनलाइन ट्यूटर घ्यायचं ठरवलं. जवळपास सगळेच ट्यूटर आधी अर्ध्या तासाचा ट्रायल क्लास देतात, कुणी फुकट, कुणी कमी पैशांत. हा अर्धा तास कसा जातो याचा मी आधी नीट हिशोब केला. आवाज येतोय का, स्क्रीन दिसतेय का यात दोन-तीन मिनिटं. तुम्ही काय करता, कशासाठी शिकायचंय, काय येतं काय नाही यात आरामात दहा मिनिटं. मग ट्यूटर स्वतःची पद्धत सांगणार, शेवटी वेळा आणि पैसे. म्हणजे प्रत्यक्ष गणित झालंच तर दहा मिनिटं, आणि तेही ट्यूटरने अंदाजाने उचललेलं कुठलंतरी उदाहरण. यातली ओळखीची मिनिटं आधीच लिहून संपवली तर अर्ध्या तासातला बराचसा भाग खऱ्या कामाला मिळेल असं मला वाटलं आणि ते तसंच झालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिलं काम म्हणजे मेसेज. 'मला कॅल्क्युलस पक्कं करायचंय' असं लिहिलं तर ट्यूटरला त्यातून काहीच ठरवता येत नाही, कारण असं म्हणणारा माणूस शाळेतलाही असू शकतो आणि पीएचडीचाही. ध्येय असं हवं की ते वाचून ट्यूटर 'हे माझ्याकडून होणार नाही' असंही म्हणू शकेल. मी पाठवलेला मेसेज जवळपास असा होता:

'नमस्कार मॅडम, मी नोकरी करते, कॉलेजनंतर गणित सुटलेलं आहे. नऊ आठवड्यांनी एका मास्टर्स कोर्सची प्रवेश परीक्षा आहे. पेपर दोन तासांचा, १० प्रश्न, कॅल्क्युलेटर चालत नाही, स्टेप्सना मार्क आहेत. १० पैकी साधारण ४ प्रश्न इंटिग्रेशनवर असतात. डेरिव्हेटिव्ह मला जमतात, जुन्या पेपरमधले बहुतेक बरोबर येतात. इंटिग्रेशनमध्ये पद्धत सुचते पण उत्तर चुकतं आणि कुठे चुकतं ते मला सापडत नाही. आठवड्याला पाच-सहा तास देऊ शकते. या अर्ध्या तासात मला दोन गोष्टी हव्यात, माझं नेमकं कुठे अडतंय आणि नऊ आठवड्यांत हे होण्यासारखं आहे का. इंटिग्रेशन म्हणजे काय इथून सुरुवात नको. सोबत चार प्रश्नांचं एक पान आहे, मी स्वतः सोडवलेलं, उत्तरं न बघता.'

बस एवढंच. एका मिनिटात वाचून होतं. यात कॅल्क्युलेटर चालत नाही हे बारीक वाटेल पण त्याचा अर्थ अपूर्णांक हाताने सोडवावे लागणार, आणि स्टेप्सना मार्क आहेत म्हणजे उत्तर चुकलं तरी पद्धतीचे मार्क मिळतात, म्हणजे तयारी कशी करायची हेच बदलतं. आणि मला विचाराल तर सगळ्यात कामाचं वाक्य 'इथून सुरुवात नको' हे होतं. काय नको हे सांगायला आपल्याला उगाच संकोच वाटतो, समोरच्याला उद्धट वाटेल की काय असं वाटतं, पण ट्यूटरला त्याने उलट मदतच होते. नाहीतर तो बिचारा सावधपणे अगदी पायापासून सुरू करतो आणि अर्धा तास तिथेच संपतो.

आता ते पान, कारण खरी गंमत त्या पानाने केली.

लोक सॅम्पल म्हणून काय पाठवतात तर अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ, किंवा सिलॅबसची लिंक. ते कुणी वाचत नाही, वाचलं तरी त्यातून विषय कळतो, विद्यार्थी कळत नाही. ट्यूटरला हवं असतं तुमच्या हातचं काम, दुरुस्त न केलेलं. मी जुन्या पेपरमधले चार प्रश्न घेतले, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला, टायमर लावला आणि पेनने सोडवले. पेनने एवढ्यासाठी की खोडायचं नाही, चुकलं वाटलं तर एक आडवी रेघ मारायची म्हणजे खालचं दिसत राहतं. रेघ मारलेल्या ओळी ट्यूटरला फार उपयोगी पडतात कारण त्यात तुम्ही आधी कुठे वळला होता ते दिसतं. नंतर उत्तरं तपासली नाहीत आणि मुख्य म्हणजे फेअर कॉपी केली नाही. फेअर करताना हात आपोआप सुधारणा करतो आणि नेमकी जी गोष्ट दाखवायची तीच पुसली जाते.

चार प्रश्न कुठले घ्यायचे यावरही थोडा विचार केला. एक असा घेतला जो मला नक्की येतो असं वाटत होतं, दोन ज्यात पद्धत माहीत आहे पण अशा प्रश्नांत उत्तर चुकतं, आणि एक ज्यात सुरुवातच सुचत नाही. सगळे अवघड घेतले तर पान कोरं राहतं, कोऱ्या पानावरून काही कळत नाही. सगळे सोपे घेतले तर सगळं बरोबर, त्यातूनही काही कळत नाही.

आणि प्रत्येक प्रश्नाच्या बाजूला समासात दोन गोष्टी लिहिल्या, किती मिनिटं लागली आणि खात्री किती. खात्रीसाठी फक्त तीन शब्द ठेवले, 'नक्की', 'अंदाज', 'अडले'. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण अंदाजाने लिहिलेलं चुकणं आणि नक्की म्हणून लिहिलेलं चुकणं यात फार फरक आहे. अंदाज चुकला तर ती गोष्ट माहीतच नव्हती, शिकवली की झालं. नक्की म्हणून लिहिलेलं चुकलं तर डोक्यात चुकीची सवय बसलेली आहे आणि ती आधी मोडावी लागते, त्याला वेगळा वेळ लागतो, वेगळा सराव लागतो. नुसतं पान बघून ट्यूटरला हा फरक दिसत नाही, तो आपणच सांगायचा.

फोटोचं थोडक्यात सांगते. खिडकीजवळ, बरोबर वरून, सावली न पडू देता, पानं क्रमाने लावून एकच पीडीएफ, प्रश्न क्रमांक स्पष्ट. वर नाव, रोल नंबर, संस्थेचं नाव असेल तर कापून टाका, ट्यूटरला त्याची गरज नसते. आणि ज्या असाइनमेंटचे मार्क अजून लागायचेत ती पाठवू नका, जुन्या पेपरमधलं घ्या, नाहीतर ट्यूटर अडचणीत येतो की यात मदत करावी की करू नये, आणि चांगला ट्यूटर नकारच देतो.

क्लासच्या दोन दिवस आधी हे पाठवलं आणि शेवटी विचारलं की आधी बघायला वेळ मिळेल का, नसेल तर क्लासमध्ये सुरुवातीला दोन मिनिटं बघितलं तरी चालेल. हे विचारायला हवं कारण ट्रायलच्या आधीच्या वेळेचे पैसे ट्यूटरला कुणी देत नाही, काही जण बघतात, काही नाही बघत, आणि न बघणं यात गैर काही नाही. म्हणूनच सॅम्पल दोन मिनिटांत बघून होईल एवढंच ठेवायचं.

तर आता क्लास. मी लॅपटॉपवर व्हिडिओ आणि मोबाइल पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर आडवा ठेवून कॅमेरा वहीवर, म्हणजे लिहिताना माझा हात त्यांना दिसत होता. हे आदल्या दिवशी करून बघितलं होतं. शेअर्ड व्हाइटबोर्डवर माउसने गणित लिहिणं फार हळू होतं, आणि हळू झालं की माणूस स्टेप्स गाळायला लागतो.

मॅडमनी पान बघितलेलं होतं. नमस्कार वगैरे झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, 'तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापुढे नक्की लिहिलंय, अंदाज नाही. उत्तर तपासून बघितलं होतं का?' मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या छान, मग आपण पान उघडू या.

दुसरा प्रश्न हा होता:

∫ x√(x+1) dx, 0 ते 3

यात u = x+1 घ्यायचं, मग x = u−1, लिमिट्स 0 आणि 3 च्या जागी 1 आणि 4. मी हे सगळं बरोबर केलेलं होतं, लिमिट्ससुद्धा बदललेल्या. आत येतं (u−1)√u म्हणजे u^(3/2) − u^(1/2), तेही बरोबर. आणि मग मी लिहिलं होतं:

(5/2)u^(5/2) − (3/2)u^(3/2)

त्यात 4 आणि 1 घालून उत्तर 67, बाजूला 'नक्की', सात मिनिटं.

तिसरा प्रश्न ∫ x e^(2x) dx. इथे बाय पार्ट्स वापरायचं, तेही मी ओळखलं होतं. पण e^(2x) चं इंटिग्रेशन मी 2e^(2x) लिहिलं होतं आणि शेवटी उत्तर 2x e^(2x) − 4e^(2x) + C. बाजूला परत 'नक्की'.

मी स्वतः हे पान घेऊन बसले असते तर निष्कर्ष काढला असता की सब्स्टिट्यूशन कच्चं आहे आणि बाय पार्ट्स कच्चं आहे, दोन टॉपिक परत करायला हवेत, आणि तीन-चार आठवडे त्यात घातले असते. मॅडम म्हणाल्या, 'पद्धती दोन्हीकडे बरोबर आहेत. दोन्हीकडे चूक एकच आहे. जिथे भागायचं तिथे तुम्ही गुणताय.'

मी थांबून परत बघितलं. u^(3/2) चं इंटिग्रेशन करताना घात एकने वाढवून 5/2 करायचा आणि त्या नव्या घाताने भागायचं, म्हणजे पुढे 2/5 यायला हवं. मी 5/2 लिहिलं होतं. e^(2x) ला 2 ने भागायचं, पुढे 1/2 यायला हवं, मी 2 लिहिलं होतं. डेरिव्हेटिव्ह घेताना दोन्हीकडे गुणायचं असतं, आणि डेरिव्हेटिव्हचा माझा हात इतका सरावलेला होता की उलट्या दिशेने जातानाही तो गुणतच होता. मेसेजमध्ये मी अभिमानाने लिहिलेलं की डेरिव्हेटिव्ह जमतात, त्याच जमण्याचा हा परिणाम. त्या म्हणाल्या की डेरिव्हेटिव्हचा हात बसलेल्या लोकांमध्ये हे त्यांना बऱ्याचदा दिसतं.

इथवर कुणीही चांगला शिक्षक आला असता. पुढे त्यांनी जे केलं त्याने मी खरंच प्रभावित झाले. त्या म्हणाल्या, दोन उदाहरणांवरून मी हे म्हणतेय, चुकीचंही असू शकतं, आपण तपासून बघू. आणि त्यांनी माझा पहिला प्रश्न काढला जो मी बरोबर सोडवला होता:

∫ 2x/(x²+1) dx

उत्तर ln(x²+1) + C, दोन मिनिटांत, बरोबर. त्यांनी फक्त वरचा 2 काढून टाकला आणि म्हणाल्या आता करा, ∫ x/(x²+1) dx. मी न थांबता लिहिलं 2 ln(x²+1). यायला हवं होतं (1/2) ln(x²+1). मूळ प्रश्नात 2x तयार होतं म्हणून भागायची वेळच आली नव्हती, म्हणून तो बरोबर आला होता. मला येतंय असं वाटणारा प्रश्नसुद्धा त्याच खड्ड्याच्या काठावर होता. बरोबर सोडवलेला प्रश्न सॅम्पलमध्ये कशाला घालायचा असं कुणाला वाटत असेल तर हे त्याचं उत्तर, ट्यूटरला त्यात एक गोष्ट बदलून आपला अंदाज तपासता येतो.

मग त्यांनी दोन तपासण्या शिकवल्या आणि पूर्ण ट्रायलमध्ये शिकवलं म्हणावं असं एवढंच. एक म्हणजे उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ फंक्शन परत येतं का बघायचं. (5/2)u^(5/2) चं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर (25/4)u^(3/2) येतं, यायला हवं होतं नुसतं u^(3/2), म्हणजे लगेच कळतं की बिघडलंय. तिसऱ्या प्रश्नातलं माझं उत्तर डेरिव्हेट केलं तर 4x e^(2x) − 6e^(2x) येतं, x e^(2x) शी त्याचा काही संबंध नाही. डेरिव्हेटिव्हचा हात बसलेला आहे ना, मग तोच तपासायला वापरा, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी तपासणी लिमिट्स असलेल्या प्रश्नांसाठी. x√(x+1) हे 0 पासून 3 पर्यंत वाढत जातं, x = 3 ला त्याची किंमत 3 × 2 म्हणजे 6. रुंदी 3. म्हणजे सगळं क्षेत्रफळ ३ बाय ६ च्या आयतात बसलं पाहिजे, १८ च्या आत. माझं उत्तर ६७. गणित न करताही हे उत्तर अशक्य आहे हे दिसतं. नीट केलं की येतं 116/15, साधारण ७.७, बसतं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नाही म्हणून ही अंदाजाची सवय लागायलाच हवी असं त्या म्हणाल्या, म्हणजे मेसेजमधली ती बारीक ओळसुद्धा त्यांच्या लक्षात होती.

यानंतर त्यांनी एक नवा प्रश्न दिला, ∫ √(2x+1) dx, 0 ते 4, आणि स्वतः गप्प बसल्या. मला हे गप्प बसणं फार आवडलं कारण कॅमेरा हातावर आहे, कुणीतरी बघतंय, आणि मदत येत नाहीये, म्हणजे परीक्षेसारखंच. मी परत एकदा गुणाकाराकडे वळले, पेन थांबलं, डेरिव्हेटिव्ह घेऊन बघितलं, रेघ मारून (1/3)(2x+1)^(3/2) लिहिलं, उत्तर 26/3. मग स्वतःच अंदाज लावला, उंची 1 ते 3, रुंदी 4, म्हणजे ४ आणि १२ च्या मध्ये, पावणेनऊच्या आसपास, बसतंय. त्या म्हणाल्या, बघा, सवय एका दिवसात जाणार नाही पण पकडता आली.

चौथा प्रश्न, ∫ 1/(x²+4x+8) dx, जो मी 'अडले' लिहून सोडला होता, तो त्यांनी मुद्दाम घेतला नाही. म्हणाल्या यात आधी पूर्ण वर्ग करून (x+2)²+4 असं लिहायचं असतं, मग आर्कटॅन, हे वेगळं काम आहे, अर्ध्या तासात कोंबलं तर आत्ता जे पकडलंय तेही सुटेल. मला तेव्हा जरा हळहळ वाटली, मी विचारलंही की पटकन सांगता का, पण त्यांचं बरोबर होतं. भागायची सवय न लागता तो प्रश्न केला असता तर आर्कटॅनच्या पुढचा 1/2 मी परत 2 लिहिला असता.

शेवटची सहा-सात मिनिटं मी प्रश्नांसाठी ठेवा म्हटलं होतं. नऊ आठवड्यांत होईल का यावर त्या म्हणाल्या की इंटिग्रेशनपुरतं एका पानावरून एवढं सांगते की पद्धत ओळखणं ठीक आहे आणि तेच शिकायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे या चार प्रश्नांबद्दल मला काळजी नाही. पण बाकीच्या सहांबद्दल मी काहीच सांगू शकत नाही कारण मी त्यातलं तुमचं काही बघितलेलं नाही. हे उत्तर मला फार पटलं. एका टॉपिकच्या चार प्रश्नांवरून पूर्ण पेपरचं भाकीत करणारा ट्यूटर असता तर मीच सावध झाले असते.

मग विचारलं की पहिल्या दोन आठवड्यांत काय करायचं आणि काय करायचं नाही. नवीन पद्धत एकही नाही, रोज दहा-बारा छोटी इंटिग्रेशन, एका ओळीची, e^(3x), (4x−1)^5, sin 2x अशी, प्रत्येकाचं डेरिव्हेटिव्ह घेऊन तपासायचं, आणि सुरुवातीला कुठे गुणलं गेलं त्यापुढे खूण करायची. खुणा कमी होतायत का बघायचं, दोन आठवड्यांनी पण तेवढ्याच असतील तर आपला निष्कर्ष चुकलाय, परत बघू. गृहपाठ तपासून किती दिवसांत मिळतो, मध्येच अडलं तर मेसेज केला तर चालतो का हेही विचारून घेतलं. वेळा आणि पैशांचं त्यांनी आधीच लिहून पाठवलं होतं त्यामुळे त्यावर बोलायची गरज पडली नाही.

आता थोडं दुसऱ्या ट्रायलबद्दल, कारण मी त्याच आठवड्यात अजून एका ट्यूटरकडे ट्रायल ठेवला होता आणि त्यांनाही तोच मेसेज, तेच पान पाठवलं होतं. पाठवलं होतं मॅडमच्या क्लासच्या आधीच, दोघांना एकाच दिवशी. असं दुरुस्त न केलेलं पान एकदाच मिळतं. पहिल्या क्लासनंतर नवं पान केलं असतं तर त्यात चुका दिसल्या नसत्या आणि दुसऱ्याला सापडायला काही उरलं नसतं. एकच पान दोघांना दिलं की तुलना सरळ होते, कोण गोड बोलतं यावर ती अवलंबून राहत नाही.

त्या सरांनी पान उघडलेलं नव्हतं, ठीक आहे. पण त्यांनी तयार स्लाइड्स सुरू केल्या, वक्राखालचं क्षेत्रफळ, पातळ पट्ट्या, त्यांची बेरीज. शिकवत छान होते, आवाज स्पष्ट, चित्रं सुंदर. दहा मिनिटं झाली तेव्हा मी म्हटलं, 'सर, हे मला चालेल, पण आधी माझ्या पानातला दुसरा प्रश्न बघू या का, तिथे मला तुमचं मत हवंय.' असं मध्ये बोलायला धीर लागतो, पण वाक्य आधीच ठरवून ठेवलेलं असलं की येतं. त्यांनी पान उघडलं, अंतिम उत्तर बघितलं, चूक म्हणाले, आणि फळ्यावर पूर्ण प्रश्न स्वतः सोडवून दाखवला. बरोबर सोडवला. पण माझ्या ओळी त्यांनी वाचल्याच नाहीत, मी कुठल्या ओळीपर्यंत बरोबर होते हे त्यांच्या बोलण्यात आलं नाही, आणि शेवटी सल्ला दिला की सगळं पहिल्यापासून करावं लागेल. एखाद्याला खरंच पहिल्यापासून करायचं असेल तर ते सर उत्तम आहेत, मी मनापासून म्हणते. माझ्याकडे नऊ आठवडे होते आणि माझ्या पद्धती बरोबर होत्या, म्हणून मी मॅडमकडे गेले.

या दोन्हीवरून माझ्यापुरती मी एक खूण धरली आहे. ट्यूटर तुमच्या कामातल्या एखाद्या ठरावीक ओळीबद्दल प्रश्न विचारतो का, 'इथे काय विचार केला होता' असा. असा प्रश्न आला की समजायचं तो तुमचं काम वाचतोय. आणि क्लासमध्ये पेन कुणाच्या हातात जास्त वेळ होतं तेही नंतर आठवून बघायचं. मॅडमच्या क्लासमध्ये निम्म्याहून जास्त वेळ मी लिहीत होते.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. हे सगळं लेखी कामाला नीट लागू पडतं, गणित, निबंध, कोडिंग. बोलण्याची भाषा शिकायची असेल तर पान पाठवून उपयोग नाही, तिथे दीड-दोन मिनिटांचं न अडवता केलेलं रेकॉर्डिंग लागेल, एकाच टेकमधलं, वाचून दाखवलेलं नको. वाद्य शिकायचं असेल तर हात दिसतील असा व्हिडिओ. माझ्या मैत्रिणीने परदेशी भाषेच्या ट्रायलसाठी असं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, पण तिने पाचव्यांदा केलेलं, सगळ्यात छान झालेलं पाठवलं, आणि ट्यूटरने तिला तिच्या पातळीच्या वरच्या बॅचचं पुस्तक सुचवलं. पहिलंच पाठवायचं, अडखळण्यासकट.

ट्रायल झाल्यावर त्याच संध्याकाळी मी तेच चार प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडवले, समासात तशीच मिनिटं आणि खात्री लिहून, आणि मॅडमना पाठवले. चौथा अजूनही 'अडले' होता. सोबत मॅट्रिक्सचं एक नवं पान जोडलं, चार प्रश्न, न तपासलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं की इंटिग्रेशनचं आता रोजच्या सरावावर सोडा, पहिल्या रेग्युलर क्लासला मॅट्रिक्सच्या तिसऱ्या प्रश्नातल्या दुसऱ्या ओळीपासून सुरू करू.